दार कुणाचं, डबा कुणाचा

गेल्या शनिवारी कपाट आवरताना २००९ सालची एक वही सापडली. पहिल्या पानावर स्विच, पोर्ट आणि आकड्यांची गिचमिड, शेवटच्या पानावर एका माणसाचं नाव आणि त्याच्यापुढे दोन वेळा ओढलेली रेघ. ते नाव मी इथे लिहिणार नाही. पण ती रेघ का ओढली, त्याची ही गोष्ट. त्या निमित्ताने थोडा इतिहासही, कारण त्यातला एक धागा आपल्या पुण्यातून जातो.

तेव्हा मी ईआरपी बसवणाऱ्या टीममध्ये होतो. आमच्या एका ग्राहकाचे दोन कारखाने होते. एक शिरूर तालुक्यात, रांजणगावच्या एमआयडीसीत. दुसरा दौंड तालुक्यात, कुरकुंभच्या एमआयडीसीत. एका सोमवारी सकाळी रांजणगावहून फोन आला, "साहेब, स्टोअरमधले चार जण आत शिरूच शकत नाहीत. बाकी सगळ्यांचं चालू आहे."

ईआरपीचा दोष असेल या भीतीने मी धावत गेलो. दोष आमचा नव्हता. त्या चार कॉम्प्युटरना आयपी पत्ते मिळाले होते `192.168.1.x` असे, आणि ऑफिसचं नेटवर्क होतं `10.20.1.x`. म्हणजे पत्ते वाटणारा दुसराच कुणीतरी ऑफिसात येऊन बसला होता. घरगुती वायफाय राउटर हेच काम करतो. त्याला मागे एक भोक इंटरनेटसाठी असतं आणि चार भोकं घरातल्या कॉम्प्युटरसाठी. भिंतीतून आलेली ऑफिसची वायर जर कुणी त्या चारांपैकी एकात खुपसली, तर तो राउटर ऑफिसभर पत्ते वाटत सुटतो. जो कॉम्प्युटर त्याचं आधी ऐकेल तो फसला.

अशा डब्याला इंग्रजीत 'रोग' अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणतात. मराठीत लिहिलं की अर्थ आपोआप बरोबर बसतो :-)

आता तो शोधायचा कसा? फसलेल्या एका कॉम्प्युटरवर `arp -a` मारलं, `192.168.1.1` चा मॅक अ‍ॅड्रेस मिळाला. हा प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातच मिळालेला बारा अक्षरी क्रमांक. मग मुख्य स्विचला विचारलं, हा क्रमांक तुला कोणत्या पोर्टकडून ऐकू येतो? त्याने दुसऱ्या स्विचकडे जाणाऱ्या वायरकडे बोट दाखवलं. त्या दुसऱ्या स्विचवर हे दिसलं (पत्ते अर्थात बदललेले आहेत):

```
SW2# show mac address-table interface Fa0/17
Vlan   Mac Address      Type      Ports
  10   0000.5e00.5340   DYNAMIC   Fa0/17
  10   0000.5e00.5371   DYNAMIC   Fa0/17
  10   0000.5e00.5388   DYNAMIC   Fa0/17
  10   0000.5e00.53b2   DYNAMIC   Fa0/17
```

भिंतीतल्या एका भोकाच्या मागे एक कॉम्प्युटर असायला हवा. इथे चार पत्ते. पहिला राउटरचा, बाकीचे त्याच्यावरून वायफायने आत आलेल्या लॅपटॉपचे. पॅच पॅनेलवर १७ नंबरची वायर धरून आम्ही डिस्पॅचच्या केबिनमध्ये पोचलो. फॉल्स सिलिंगची एक फळी वर सरकवली, तर निळा दिवा लुकलुकतोय.

डिस्पॅचचे सुपरवायझर शांतपणे म्हणाले, "मीच लावला. ट्रक भरताना लॅपटॉप घेऊन बाहेर उभं राहावं लागतं, तिथे वायर नाही. दोन महिने झाले आयटीला सांगून. आणि पासवर्ड टाकलाय की." पाच दिवस तो शांत होता. शनिवारी सफाईत वायर निघाली आणि लावताना चुकीच्या भोकात गेली, म्हणून आम्हाला कळलं. नाहीतर कळलंच नसतं.

प्लँट हेडचा प्रश्न वेगळाच होता. "हे ठीक आहे. पण बाहेर ट्रक उभे असतात तिथपर्यंत आपलं नेटवर्क जात होतं का?" प्रश्न रास्त होता. डबा काढण्याआधी मी लॅपटॉप घेऊन पार्किंगमध्ये गेलो आणि कार्ड नुसतं ऐकण्याच्या मोडमध्ये टाकलं. पासवर्ड माझ्याकडे मुद्दाम घेतला नव्हता. तरीही उत्तर मिळालं, आणि ते कसं मिळालं हे या लेखातलं सगळ्यात कामाचं वाक्य आहे: वायफायमध्ये कुलूप असतं ते आतल्या मजकुराला, पाकिटावरच्या पत्त्यांना नव्हे.

हवेतल्या प्रत्येक डेटा पाकिटावर तीन पत्ते उघडे लिहिलेले असतात. कुणाला, कोणत्या अ‍ॅक्सेस पॉइंटतर्फे आणि मुळात कुणाकडून. ऑफिसचा गेटवे अधूनमधून सगळ्यांना उद्देशून हाक मारतो, 'अमुक आयपीवाला कोण आहे?' ती हाक वायरीवरून डब्यात येते आणि डबा, पुलासारखा, ती जशीच्या तशी हवेत सोडतो. मजकूर कुलूपबंद, पण 'मुळात कुणाकडून' या जागी आमच्या गेटवेचा मॅक अ‍ॅड्रेस लख्ख दिसतो. वायरशार्कमध्ये एवढंच लिहायचं:

```
wlan.fc.fromds == 1 && wlan.sa == 00:00:5e:00:53:01
```

तिसऱ्या ट्रकजवळ उभा असताना दोन मिनिटांत अशी अकरा पाकिटं आली. ऑफिसच्या आतला पत्ता पार्किंगमध्ये. यापेक्षा मोठा पुरावा नको.

आता हे दोन्ही कागद, स्विचचं पत्त्यांचं टेबल आणि हवेतली यादी, आले कुठून ते पाहू.

टेबल जुनं आहे, वायफायपेक्षा कितीतरी. १९८० च्या दशकात डिजिटल इक्विपमेंट या कंपनीच्या इंजिनिअरांनी दोन इथरनेट जोडणारा 'शिकणारा पूल' बनवला. तो येणाऱ्या प्रत्येक पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता वाचायचा आणि हा पत्ता या बाजूला राहतो असं लिहून ठेवायचा. पुढच्या वेळी त्या पत्त्याचं टपाल त्याच बाजूला. पाच मिनिटं कुणी बोललं नाही की नोंद पुसायची, म्हणजे माणसाने जागा बदलली तरी अडचण नाही. ही ३०० सेकंदांची सवय आजही बहुतेक स्विचांमध्ये तशीच आहे. १९९० मध्ये पहिला इथरनेट स्विच बाजारात आला, तो काढणाऱ्या कंपनीचं नाव होतं 'कल्पना'. हो, आपलीच कल्पना. १९९४ मध्ये सिस्कोने ती विकत घेतली. आणि १९९३ मध्ये आरएफसी १४९३ ने हे टेबल दुरून वाचायची एक सर्वमान्य पद्धत ठरवून दिली. म्हणजे एखादी छोटी स्क्रिप्ट दर पाच मिनिटांनी साऱ्या स्विचांना विचारू शकते, तुमच्याकडे कोण कोण आहे?

लक्षात घ्या, हे टेबल पहाऱ्यासाठी बनलंच नव्हतं. ते टपाल वाटायच्या सोयीसाठी होतं. त्यामुळे पहारेकरी म्हणून त्याच्यात खोटी आहेत. जेवायला गेलेल्या माणसाचा लॅपटॉप पाच मिनिटांत त्यातून गायब होतो, म्हणून एकदा पाहून भागत नाही, चार-आठ दिवस नोंदी साठवाव्या लागतात. एका पोर्टवर दोन पत्ते दिसले तर ते टेबलावरचा फोन आणि त्याच्यामागचा कॉम्प्युटरही असू शकतात. जास्त दिसले तर कुणीतरी लावलेला पाच भोकांचा साधा स्विचही असू शकतो. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे मी नेमका इथेच आपटलो.

दुसरा कागद हवेचा. जुलै १९९९ मध्ये अ‍ॅपलने एअरपोर्ट आणलं, बेस स्टेशन २९९ डॉलरला. त्याआधी ऑफिसात वायफाय बसवणं हे आयटी खात्याचं काम होतं. त्यानंतर ते कुणाही कर्मचाऱ्याच्या पगारात बसणारं झालं. २००१ च्या सुमारास नेटस्टंबलर नावाचा फुकट प्रोग्राम आला, लॅपटॉप घेऊन गाडीतून फिरलं की आसपासची सगळी वायफाय दिसायची. आपल्याकडे जानेवारी २००५ मध्ये सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लायसन्समुक्त केला, आणि मग पुण्यात दुकानादुकानांत हे डबे मिळू लागले.

पण हवेच्या यादीचीही खोट आहे. तिच्यात शेजारच्या कंपनीचं वायफाय येतं, समोरच्या चहावाल्याचंही येतं. ते परकं आहे, चोरटं नाही. चोरटं तेच, जे तुमच्या वायरीला जोडलेलं आहे. म्हणजे खरा प्रश्न 'हवेत काय आहे' हा नाही आणि 'पोर्टवर कोण आहे' हाही नाही. या यादीतला हा आणि त्या यादीतला तो, एकच आहेत का? हा प्रश्न.

या प्रश्नावर ज्या कंपन्यांनी पोट भरलं त्यांतली एक पुण्यातली. प्रवीण भागवत हे आयआयटी कानपूरचे, पुढे आयबीएम आणि एटी अँड टी मध्ये वायरलेसवर संशोधन केलेले. १९९४ मध्ये चार्ल्स पर्किन्स यांच्यासोबत फिरत्या नेटवर्कांच्या राउटिंगवर त्यांनी लिहिलेला निबंध आजही शिकवला जातो. त्यांनी सुरू केलेली कंपनी आधी विभू टेक्नॉलॉजीज, मग एअरटाइट नेटवर्क्स, २०१६ मध्ये मोजो नेटवर्क्स आणि २०१८ मध्ये अरिस्टाने घेतलेली. त्यांचं इंजिनिअरिंग पुण्यात चालायचं. त्यांची युक्ती अशी, की स्विचचं टेबल वाचून अंदाज बांधत बसू नका. ऑफिसच्या वायरीत आपणच एक खुणेचं पाकीट सोडा आणि छतावरच्या सेन्सरने हवेत कान लावा. खूण हवेत ऐकू आली, तर तो डबा आपल्या वायरीवर आहे. उलटही करता येतं. सेन्सरने एखाद्या उघड्या वायफायला जोडून घ्यायचं आणि ऑफिसातल्या एका ठराविक सर्व्हरकडे पाकीट पाठवायचं. ते पोचलं, तर दार सापडलं. विहिरीत रंग टाकून कोणत्या ओढ्यात उतरतो ते बघावं, तसंच.

मी पार्किंगमध्ये केलं ते यातलंच अर्धं, रंग आपण न टाकता गेटवेच्या हाकेवर विसंबून.

असो. रांजणगावचं प्रकरण गाजलं आणि हुकूम आला, कुरकुंभलाही जाऊन बघा. न्हावऱ्यावरून निघालो, भीमा ओलांडली, चौफुल्याला चहा, पुढे सोलापूर रस्त्याने पाटस आणि कुरकुंभ. गाडीत मी जरा हवेतच होतो, हे कबूल करतो.

कुरकुंभला ऑफिसची इमारत दोन मजली. स्कॅनमध्ये कुलूपबंद असं एक अनोळखी वायफाय दिसलं. लॅपटॉप घेऊन फिरलो. सगळ्यात जोरात सिग्नल पहिल्या मजल्यावरच्या टेस्टिंग लॅबमध्ये, उणे ४८ डीबीएम. स्विचवर लॅबचं पोर्ट बघितलं तर तिथे तीन मॅक अ‍ॅड्रेस. झालं! दोन्ही कागद एकच सांगत होते. मी वहीत लॅब बघणाऱ्या गृहस्थांचं नाव लिहिलं आणि मॅनेजरांना सांगून मोकळा झालो. त्यांना बोलावणं गेलं. ते म्हणाले, "माझ्याकडे असलं काहीही नाही. हवं तर कपाटं उघडून बघा." मॅनेजरांचा आवाज चढला. काचेच्या केबिनबाहेर लोक थबकून बघत होते.

आम्ही कपाटं उघडली. टेबलाखाली एक पाच भोकांचा साधा स्विच होता. त्याला तीन यंत्रांचे तीन कॉम्प्युटर. आयटीनेच दोन वर्षांपूर्वी दिलेला, तसं स्टिकरही होतं. तीन पत्त्यांचं कोडं सुटलं. वायफाय मात्र हवेत तसंच.

मग मी आधी करायला हवं होतं ते केलं. हवेतल्या त्या डब्याचा मॅक अ‍ॅड्रेस होता `00:00:5e:00:53:a2`. घरगुती राउटरमध्ये दोन-तीन नेटवर्क कार्डं असतात, वायरीची वेगळी आणि हवेची वेगळी, आणि कारखाना त्यांना बहुधा लागोपाठचे क्रमांक देतो. म्हणून फक्त a2 नाही, आजूबाजूचे सगळे शोधायचे:

```
SW1# show mac address-table | include 5e00.53a
  10   0000.5e00.53a1   DYNAMIC   Fa0/9
```

नऊ नंबरच्या पोर्टवर एकच पत्ता. अगदी सभ्य. इथे वायर बरोबर भोकात, इंटरनेटच्या भोकात होती. अशा वेळी डबा पूल राहत नाही, तो पडदा होतो. मागे दहा लॅपटॉप असले तरी स्विचला एकच पत्ता दिसतो. एका पोर्टवर एकच मॅक हा नियमही याला अडवत नाही. गेटवेची हाक पडद्यापलीकडे जात नाही, म्हणून पार्किंगची युक्तीही इथे आंधळी.

लागोपाठचा क्रमांक हा संशय झाला, पुरावा नाही. एकदा चूक करून बसलो होतो, त्यामुळे या वेळी पक्कं करून घेतलं. एका सहकाऱ्याला हवेतली पाकिटं मोजत बसवलं. मोठी डेटा पाकिटं सतत वाहत होती. मी पोर्ट ९ बंद केलं. वायफायचं नाव दिसतच राहिलं (वीज चालू असते ना, त्यामुळे नाव जात नाही, हे बघून फसू नका), पण मोठी पाकिटं काही सेकंदांत थांबली. पोर्ट सुरू केलं, पुन्हा वाहू लागली. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तेच. मग वायर धरून गेलो. ती गेली तळमजल्यावरच्या एका साठवणीच्या खोलीत, बरोबर लॅबच्या खाली. मांडणीच्या सगळ्यात वरच्या फळीवर, छताला लागून डबा ठेवलेला. मधे फक्त स्लॅब. यंत्रं बसवायला आलेल्या एका कंत्राटदाराच्या पोरांनी सोयीसाठी लावला होता. ती पोरं गेली, डबा राहिला, आणि आता त्याचा पासवर्ड माहीत असलेले प्लँटमधलेच काही जण त्यावर सिनेमे उतरवत होते.

मी त्या गृहस्थांकडे गेलो, सगळ्यांसमोर माफी मागितली. ते म्हणाले, "अहो, तुमचं ठीक आहे. पण सकाळी केबिनबाहेर जे उभे होते, ते आत्ता इथे नाहीत." यावर बोलण्यासारखं काहीच नव्हतं. वहीत नावावर रेघ ओढली, मग परत एकदा ओढली.

त्याच्या आदल्या वर्षीच अशी एक चूक देशाने पाहिली होती. २६ जुलै २००८ ला अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी जबाबदारी घेणारा ईमेल आला. आयपी पत्ता पोलिसांना नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटवर घेऊन गेला, जिथे एक अमेरिकन नागरिक राहत होता. त्याची चौकशी झाली, संगणक तपासले गेले. त्याचं वायफाय उघडं होतं आणि ते दुसऱ्याच कुणी वापरलं होतं. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार खात्याने इंटरनेट कंपन्यांना ग्राहकांची वायफाय सुरक्षित करायला लावणाऱ्या सूचना काढल्या. तिथेही तोच पडदा होता, एका पत्त्यामागे किती माणसं हे बाहेरून दिसत नाही. पत्ता तुम्हाला दारापर्यंत नेतो. दारामागे कोण, हे तो सांगत नाही. बातम्या मी वाचल्या होत्या, आणि तरीही कुरकुंभला मी तेच केलं.

आज हे काम सोपं झालंय की अवघड? दोन्ही. २०२० च्या आसपासपासून आयफोन आणि अँड्रॉइड प्रत्येक वायफायला बनावट मॅक अ‍ॅड्रेस दाखवतात, त्यामुळे टेबलात पत्त्यावरून कंपनी ओळखण्याचा जुना उपाय निम्मा बाद झाला. एकाच डब्यातून चार-पाच नावं निघतात आणि त्यांचे क्रमांक लागोपाठ असतीलच असं नाही. राउटरमध्ये 'मॅक क्लोन' नावाचं बटण तर आधीपासून आहे. आपल्याकडे केबलवाले इंटरनेट एका मॅकला बांधून द्यायचे, त्यामुळे लोकांना ते पाठच असतं. ते दाबलं की टेबलात तुमच्याच जुन्या कॉम्प्युटरचा पत्ता दिसतो. आणि हवेच्या यादीत आता खिशातले हॉटस्पॉट भरपूर, जे तुमच्या वायरीला लागलेलेच नसतात. पोर्टवर ओळख विचारणारं ८०२.१एक्स चालू असेल तर यातलं बरंच मुळातच टळतं. पण रांजणगाव-कुरकुंभसारख्या ठिकाणी जुनी यंत्रं त्याला उत्तर देऊ शकत नाहीत, मग त्यांच्यासाठी सूट द्यावी लागते, आणि डबा नेमका सूट दिलेल्या भोकात जाऊन बसतो.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. हवेची यादी संशय देते. टेबल पोर्ट देतं. पण दोघांना जोडणारी एक चाचणी, खुणेचं पाकीट असो, गेटवेची हाक असो किंवा पोर्ट बंद-चालू करून प्रवाह बघणं असो, झाल्याशिवाय तिसरी गोष्ट, म्हणजे माणसाचं नाव, वहीत लिहायचं नाही.

रांजणगावच्या डिस्पॅचला पुढच्याच आठवड्यात आयटीने रीतसर अ‍ॅक्सेस पॉइंट बसवून दिला. सुपरवायझरांनी फोन करून सांगितलं, "साहेब, तुमचा डबा आमच्यापेक्षा स्लो आहे हो."